विश्लेषण : २९२ हुकले, तरी २९५ चालले असते! निव्वळ धावगतीचे गणित नेमके कसे मांडतात?

साखळी सामने संपत आले की गुणतालिकेत गुणांच्या शेजारचा +०.३७३, −१.७८० असा रकाना अचानक महत्त्वाचा होतो. दोन किंवा तीन संघांचे गुण सारखे झाले, की कोण पुढे जाणार आणि कोण घरी परतणार हे बहुतेक वेळा याच आकड्यावर ठरते. हे गणित नीट न कळल्याने काय होऊ शकते, याचे सर्वात बोलके उदाहरण २०२३च्या आशिया चषकातील अफगाणिस्तान-श्रीलंका सामना. त्या सामन्याच्या आधारे निव्वळ धावगती म्हणजेच नेट रनरेट समजून घेऊ.

लाहोरमध्ये नेमके काय घडले?

५ सप्टेंबर २०२३ रोजी लाहोरच्या गडाफी स्टेडियमवर श्रीलंकेने ५० षटकांत ८ बाद २९१ धावा केल्या. 'ब' गटात श्रीलंका, बांगलादेश आणि अफगाणिस्तान असे तीनच संघ होते आणि त्यांतील दोन 'सुपर फोर'मध्ये जाणार होते. अफगाणिस्तानला नुसता विजय पुरेसा नव्हता. २९२ धावांचे लक्ष्य त्यांना ३७.१ षटकांत गाठायचे होते.

मोहम्मद नबीच्या ३२ चेंडूंतील ६५ धावांमुळे अशक्य वाटणारे लक्ष्य आवाक्यात आले. ३६ षटकांअखेर त्यांना ७ चेंडूंत १५ धावा हव्या होत्या. ३७व्या षटकात राशिद खानने तीन चौकार लगावले. धावसंख्या ८ बाद २८९ झाली. आता एका चेंडूत तीन धावा हव्या होत्या आणि स्ट्राइकवर मुजीब उर रहमान होता. धनंजय डिसिल्वाला षटकार मारण्याच्या नादात तो झेलबाद झाला. ३७.१ षटके संपली आणि समोरच्या टोकाला उभा असलेला राशिद निराश होऊन खाली बसला. सारे संपले, असाच त्याचा समज झाला होता.

प्रत्यक्षात काहीही संपले नव्हते. अखेरचा फलंदाज फझलहक फारुकीने पुढच्या काही चेंडूंत षटकार मारला असता, तर धावसंख्या २९५ झाली असती आणि अफगाणिस्तान पात्र ठरला असता. एक धाव काढून राशिदला स्ट्राइक दिली असती, तरी संधी कायम राहिली असती. फारुकीने मात्र दोन चेंडू खेळून काढले आणि तिसऱ्या चेंडूवर तो पायचीत झाला. अफगाणिस्तानचा डाव ३७.४ षटकांत २८९ धावांवर आटोपला आणि श्रीलंका दोन धावांनी जिंकली. सामन्यानंतर अफगाणिस्तानचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी, ३७.१ षटकांत जिंकायचे एवढेच आपल्याला सांगण्यात आले होते आणि त्यापुढची समीकरणे कळवण्यात आली नव्हती, असे स्पष्ट केले.

निव्वळ धावगती म्हणजे काय?

व्याख्या सोपी आहे. संघाने प्रत्येक षटकामागे सरासरी किती धावा केल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना प्रत्येक षटकामागे सरासरी किती धावा दिल्या, यांतील फरक म्हणजे निव्वळ धावगती.

निव्वळ धावगती = (केलेल्या एकूण धावा ÷ खेळलेली एकूण षटके) − (दिलेल्या एकूण धावा ÷ टाकलेली एकूण षटके)

यात 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक सामन्याचा फरक वेगळा काढून त्यांची सरासरी घ्यायची नसते. साखळीतील सर्व सामन्यांच्या धावा एकत्र, षटके एकत्र आणि मग भागाकार. बांगलादेशचेच पाहा. श्रीलंकेविरुद्धच्या सामन्यात त्यांची धावगती −०.९५१ होती, अफगाणिस्तानविरुद्ध +१.७८०. दोन्हींची सरासरी काढली तर ०.४१५ येते. गुणतालिकेत मात्र +०.३७३ होते आणि तेच बरोबर. श्रीलंकेने बांगलादेशविरुद्ध ३९ षटकांतच लक्ष्य गाठले होते, त्यामुळे एकत्रित हिशेबात त्या सामन्यातील षटके कमी आणि अफगाणिस्तानविरुद्धची जास्त धरली जातात. सरासरीत हा भेद पुसला जातो.

सर्वबाद झाल्यास षटके किती धरतात?

सर्वाधिक चुका इथेच होतात. संघ सर्वबाद झाला, तर त्याने प्रत्यक्ष किती षटके खेळली हे पाहिले जात नाही. त्याच्या वाट्याची पूर्ण षटके धरली जातात, म्हणजे एकदिवसीय सामन्यात ५० आणि ट्वेन्टी-२०त २०. श्रीलंकेविरुद्ध बांगलादेशचा डाव ४२.४ षटकांत १६४ धावांत संपला. हिशेबात मात्र १६४ धावा ५० षटकांत, असेच लिहिले गेले.

यामागे तर्क आहे. गडी शिल्लक राखणे हेही फलंदाजीचेच काम. प्रत्यक्ष षटके धरली, तर घाईघाईत फटकेबाजी करून ३० षटकांत १८० धावांवर बाद झालेल्या संघाची धावगती सहाची दिसेल आणि ५० षटके टिकून २५० करणाऱ्या संघाची पाचची. कमी धावा करणाऱ्यालाच बक्षीस मिळेल. गोलंदाजी करणाऱ्या संघालाही हाच नियम लागू होतो. प्रतिस्पर्ध्याला सर्वबाद केले, की त्याच्या खात्यात ५० षटके टाकल्याची नोंद होते.

लक्ष्य गाठणाऱ्या संघाची मात्र प्रत्यक्ष खेळलेलीच षटके मोजतात. म्हणून लवकर जिंकण्याचा फायदा होतो.

३७.१ म्हणजे ३७ पूर्णांक १ दशांश नव्हे?

नव्हे. षटकांमधील टिंबानंतरचा आकडा चेंडूंचा असतो. ३७.१ म्हणजे ३७ षटके आणि १ चेंडू, म्हणजेच ३७ पूर्णांक एक षष्ठांश किंवा ३७.१६७. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ३७.१ असेच टाइप केले, तर उत्तर चुकते. ४४.३ षटके म्हणजे ४४.५. चूक टाळायची सोपी पद्धत म्हणजे सारे चेंडूंत मोजायचे. ३७.१ षटके म्हणजे २२३ चेंडू आणि ५० षटके म्हणजे ३०० चेंडू. धावांना चेंडूंनी भागून सहाने गुणले, की धावगती मिळते.

३७.१ हा आकडा आला कुठून?

गटातील आधीचे दोन सामने असे होते. पाल्लेकेले येथे बांगलादेश सर्वबाद १६४ आणि श्रीलंका ३९ षटकांत ५ बाद १६५. लाहोरला बांगलादेश ५० षटकांत ५ बाद ३३४ आणि अफगाणिस्तान सर्वबाद २४५. त्यानुसार अखेरच्या सामन्यापूर्वी श्रीलंका +०.९५१, बांगलादेश +०.३७३ आणि अफगाणिस्तान −१.७८० अशी स्थिती होती.

अफगाणिस्तान जिंकला असता, तर तिन्ही संघांचे दोन-दोन गुण झाले असते. बांगलादेशचे सामने संपले होते, त्यामुळे त्यांचा +०.३७३ हा आकडा बदलणार नव्हता. तो ओलांडणे अफगाणिस्तानच्या आवाक्याबाहेर होते. त्यांना गाठायचे होते श्रीलंकेला. आणि इथे एक गंमत आहे. अफगाणिस्तान वेगाने जिंकला, की त्याची धावगती वर जाते आणि त्याच वेळी श्रीलंकेची खाली येते. एकच डाव दोन्ही खात्यांत मोजला जातो.

अफगाणिस्तानने ३७.१ षटकांत २९२ धावा केल्या असत्या, असे धरून पाहू.

अफगाणिस्तानने केलेल्या धावा २४५ + २९२ = ५३७. चेंडू ३०० + २२३ = ५२३. धावगती ६.१६१.
अफगाणिस्तानने दिलेल्या धावा ३३४ + २९१ = ६२५. चेंडू ६००. धावगती ६.२५०.
फरक : −०.०८९.

श्रीलंकेने केलेल्या धावा १६५ + २९१ = ४५६. षटके ३९ + ५० = ८९. धावगती ५.१२४.
श्रीलंकेने दिलेल्या धावा १६४ + २९२ = ४५६. चेंडू ३०० + २२३ = ५२३. धावगती ५.२३१.
फरक : −०.१०८.

अफगाणिस्तान किंचित वर. आता एकच चेंडू जास्त लागला, म्हणजे २९२ धावा ३७.२ षटकांत झाल्या, असे समजा. अफगाणिस्तान −०.१०१ वर येतो आणि श्रीलंका −०.०९८ वर. क्रम उलटतो. म्हणून ३७.१.

मग २९५ धावा ३७.५ षटकांत कशा चालल्या असत्या?

३७.१ हे उत्तर फक्त २९२ या धावसंख्येसाठी होते. सामना विजयी धाव निघताच थांबतो, पण ती धाव चौकार किंवा षटकारातून आली, तर त्या फटक्याच्या साऱ्या धावा मोजल्या जातात. २८९वरून षटकार मारला तर २९५ होतात. दोन्ही संघ २९१वर बरोबरीत असताना षटकार बसला, तर २९७.

लक्ष्याच्या पलीकडची प्रत्येक धाव दोन ठिकाणी उपयोगी पडते. ती अफगाणिस्तानच्या केलेल्या धावांत वाढते आणि श्रीलंकेच्या दिलेल्या धावांतही. या सामन्याच्या आकड्यांनुसार अशी प्रत्येक जादा धाव एका चेंडूपेक्षा किंचित जास्त वेळ मिळवून देत होती. त्यामुळे मर्यादा अशी सरकत गेली असती.

२९२ धावा : ३७.१ षटकांपर्यंत
२९३ धावा : ३७.२ षटकांपर्यंत
२९४ धावा : ३७.३ षटकांपर्यंत
२९५ धावा : ३७.५ षटकांपर्यंत
२९६ धावा : ३८ षटकांपर्यंत
२९७ धावा : ३८.१ षटकांपर्यंत

म्हणजे मुजीब बाद झाला तेव्हा अफगाणिस्तानच्या हाती आणखी काही चेंडू होते. फारुकीला ३७.५ षटकांपर्यंत चार चेंडूंत एक षटकार पुरेसा होता. त्याने पहिल्याच चेंडूवर एक धाव काढली असती, तर २९० धावांवर राशिद स्ट्राइकवर आला असता. त्यानंतरच्या चेंडूवर चौकार पुरला असता, नाही तर षटक संपेपर्यंत एक षटकार. 'आता सारे संपले' असे मानून खेळलेले ते तीन चेंडू म्हणूनच इतके महागात पडले.

डाव सर्वबाद संपल्याचा परिणामही पाहण्यासारखा आहे. ३७.४ षटकांत केलेल्या २८९ धावा हिशेबात ५० षटकांत धरल्या गेल्या. अंतिम तालिकेत श्रीलंका +०.५९४ आणि अफगाणिस्तान −०.९१०. दोन धावांनी हरलेल्या संघाच्या धावगतीवरून तो विजयाच्या किती जवळ पोहोचला होता, हे कुणालाही कळणार नाही.

गुण सारखे असतील, तर आपसातील सामना का पाहत नाहीत?

दोनच संघ बरोबरीत असतील, तर 'एकमेकांविरुद्ध कोण जिंकले' हा निकष न्याय्य वाटतो. पण तीन संघ अडकले, की पेच होतो. अफगाणिस्तान त्या दिवशी जिंकला असता, तर श्रीलंकेने बांगलादेशला, बांगलादेशने अफगाणिस्तानला आणि अफगाणिस्तानने श्रीलंकेला हरवले, असे वर्तुळ तयार झाले असते. त्यातून क्रम निघत नाही.

शिवाय निकषांचा क्रम प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीत आधीच ठरलेला असतो. २०१९च्या एकदिवसीय विश्वचषकात गुणांनंतर विजयांची संख्या, मग निव्वळ धावगती आणि त्यानंतर आपसातील सामना, असा क्रम होता. न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण आणि पाच-पाच विजय. आपसातील सामना पाकिस्तानने जिंकला होता. पण धावगतीचा निकष आधी आल्याने +०.१७५ असलेला न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेला आणि −०.४३० असलेला पाकिस्तान बाहेर पडला. पाकिस्तानला भोवला तो पहिलाच सामना. वेस्ट इंडिजविरुद्ध ते १०५ धावांत सर्वबाद झाले होते आणि विंडीजने १३.४ षटकांतच विजय मिळवला होता. ते ओझे शेवटपर्यंत उतरले नाही. अखेरच्या सामन्यात ३१५ धावा करूनही बांगलादेशला ७ धावांत गुंडाळण्याची अट त्यांच्यासमोर होती.

लक्षात घ्यायची आणखी एक बाब म्हणजे, बरोबरीतील संघांची क्रमवारी लावताना धावगती साखळीतील सर्व सामन्यांची पाहिली जाते, फक्त त्या संघांमधील सामन्यांची नव्हे. 'आयपीएल २०२४'मध्ये बंगळूरु, चेन्नई, दिल्ली आणि लखनऊ या चार संघांचे प्रत्येकी १४ गुण झाले. चौथे स्थान बंगळूरुला मिळाले ते +०.४५९ या धावगतीवर. चेन्नई +०.३९२ वर होती. या दोघांमधील अखेरच्या सामन्यात बंगळूरुच्या २१८ धावांना उत्तर देताना चेन्नईला पात्र ठरण्यासाठी विजयाचीही गरज नव्हती. २०१ धावा पुरेशा होत्या. लाहोरमध्ये विजयही अपुरा पडला असता, तर बंगळूरुत पराभवही चालला असता. चेन्नई १९१ वर थांबली आणि १० धावांनी संधी हुकली.

पावसामुळे सामना कमी षटकांचा झाला तर?

सामना अनिर्णित राहिला, तर गुण वाटले जातात. धावगतीत मात्र तो सामना धरतच नाहीत. 'डकवर्थ-लुईस-स्टर्न' पद्धतीने लक्ष्य बदलून सामना पूर्ण झाला, तर पहिल्या संघाची मूळ धावसंख्या बाजूला ठेवली जाते. समजा पहिल्या संघाने ५० षटकांत २८० धावा केल्या आणि पावसानंतर दुसऱ्या संघाला ३० षटकांत २०० धावांचे लक्ष्य मिळाले. अशा वेळी पहिल्या संघाच्या खात्यात लक्ष्यापेक्षा एक कमी, म्हणजे १९९ धावा ३० षटकांत, अशी नोंद होते. दोन्ही संघांची तुलना समान षटकांवर व्हावी, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्ष धावफलकावरून गणित मांडणाऱ्यांचे उत्तर अधिकृत तालिकेशी जुळत नाही, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

या पद्धतीत त्रुटी काय?

सर्वात मोठी त्रुटी म्हणजे लक्ष्य गाठताना किती गडी गमावले, याचा विचारच होत नाही. ३९ षटकांत एक गडी गमावून जिंकलेला आणि नऊ गडी गमावून कसाबसा जिंकलेला संघ, दोघांची धावगती सारखीच. दुसरी अडचण वेळेची. गटातील अखेरचा सामना खेळणाऱ्या संघाला नेमके किती षटकांत जिंकायचे हे माहीत असते. आधी खेळून मोकळ्या झालेल्या संघाला ती सोय नसते. बांगलादेशला लाहोरचा सामना बाहेरूनच पाहावा लागला.

तिसरी त्रुटी म्हणजे हे आकडे ठरवून हलवता येतात. १९९९च्या विश्वचषकात मँचेस्टरला वेस्ट इंडिजला ११० धावांत बाद केल्यानंतर ऑस्ट्रेलियाने १११ धावांसाठी तब्बल ४०.४ षटके घेतली. आपण सावकाश जिंकलो तर विंडीजची धावगती फारशी घसरणार नाही, न्यूझीलंडऐवजी तेच पुढे येतील आणि न्यूझीलंडकडून झालेला पराभव 'सुपर सिक्स'मध्ये आपल्या खात्यात राहणार नाही, असा तो हिशेब होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. न्यूझीलंडने स्कॉटलंडला झटपट हरवून तो डाव उधळला.

स्वतः पडताळायचे असेल तर?

चार आकडे लागतात. केलेल्या धावा, खेळलेले चेंडू, दिलेल्या धावा, टाकलेले चेंडू. सर्वबाद डाव असेल तिथे पूर्ण षटकांचे चेंडू धरायचे, अनिर्णित सामना गाळायचा आणि पावसाच्या सामन्यात सुधारित आकडे घ्यायचे. उत्तर अधिकृत तालिकेशी जुळले नाही, तर आधी सर्वबाद डावांची नोंद तपासावी, मग षटकांचे टिंब.

समीकरण ऐकताना 'इतक्या षटकांत जिंकायचे' एवढ्यावर थांबून मात्र चालत नाही. विजयी फटका एक धावेचा असेल तर किती चेंडू, चौकार असेल तर किती आणि षटकार असेल तर किती, अशी तिन्ही उत्तरे हवीत. लाहोरमध्ये राशिद खान खाली बसला, त्या क्षणी त्याच्याकडे यांपैकी पहिलेच उत्तर होते.